गुरुजींचा पाट

मुरलीधरचं वेदाध्ययन पुरं झालं होतं. आज गुरुजी त्याला निरोपाचा उपदेश करत होते. बारा वर्षं शिकवलेला हा शिष्य उद्यापासून पाहुण्या शास्त्रीबुवांकडे पुढचं शास्त्र शिकणार होता, आणि सकाळीच त्यानं गुरुजींचा पाट त्या पाहुण्यांना बसायला दिला होता.

“मातृदेवो भव. पितृदेवो भव. आचार्यदेवो भव.” गुरुजी थांबले.

“गुरुजी, अतिथी राहिला,” मुरलीधर हळूच म्हणाला.

“ठाऊक आहे. माझ्याच पाटावर बसलाय!”

तरी त्यांनी ती ओळ म्हटली. पुढचा उपदेश सवयीनं ओठांवर आला: आमचं चांगलं तेवढंच घे, बाकीचं नको. आमच्याहून थोरांना आसन दे.

त्यांचा आवाज उतरला.

“पाट दिलास, योग्य केलंस, बाळ. माझं जळणं मात्र इथेच ठेवून जा.”