खोडलेल्या सहा ओळी

"सुई उजव्या हाताला टोचते, असं तुला कुणी सांगितलं?" आईने कोटावरची नजर न काढता विचारलं.

मुलगी वाचायची थांबली. दुसऱ्याच वाक्याला गाडी अडली होती. एका मासिकाने तिच्याकडे आईच्या हातांवर दोन पानं मागितली होती. पाचपर्यंत पाठवायची होती, आणि तीन कधीच वाजून गेले होते.

"उजव्या हाताने सुई धरतात. टोचते डाव्याला. कापडाखाली बोट धरलं नाही, तर सुई पलीकडे आली की नाही ते कळणार कसं?" आईने डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. टोक खरखरीत होतं, बारीक बारीक टोचण्यांनी भरलेलं. रेशमी अस्तर त्याला अडकतं, म्हणून तसं काम आलं की ती आधी नखं घासायच्या कानशीने बोट घासून घेते. मुलगी त्या घरात पंचवीस वर्षं राहिली होती, पण हे तिने लिहिलं नव्हतं. तिने निमूटपणे समासात टिपून घेतलं.

"पुढे," आई म्हणाली.

"'रात्र रात्र जागून तिने लोकांचे कपडे शिवले.'"

"काळ्या कापडावर काळा दोरा रात्री दिसतो का गं? मी नऊला झोपायचे. भांडी तुझे बाबा घासायचे."

"'पण ती कधी तक्रार करत नसे.'"

"तोंडात टाचण्या असल्यावर कोण बोलेल? टाचण्या संपल्या की घर डोक्यावर घ्यायचे. तेवढ्यात विसरलीस?"

मुलीला हसू आलं. आईला मात्र हसायला वेळ नव्हता. शेवटचं काज राहिलं होतं. खडूची खूण करून तिने कात्रीच्या टोकाने चीर दिली, चिरेच्या कडेने जाड दोरा ठेवला, मेण लावलेल्या दोऱ्याने त्यावर टाके घालायला सुरुवात केली. प्रत्येक टाक्याला दोऱ्याचा वेढा सुईभोवती घ्यायचा आणि गाठ बरोबर कडेवर बसवायची. एक गाठ आत सरकली तर काज वाकडं दिसतं. सुईला मागून रेटत होतं मधल्या बोटातलं अंगुस्तान, म्हणजे ती पितळी टोपी. मुलीने तिकडे पाहिलं आणि पान जरा घाईने उलटलं.

"त्या पानावर एवढं खोडलंय ते काय?"

"काही नाही. नीट जमलं नव्हतं."

"सहा ओळी जमल्या नाहीत? वाच."

गेले आठ दिवस ती त्या सहा ओळी लिहीत होती आणि खोडत होती. लिहिल्या तर आई दुखावणार, गाळल्या तर सगळंच खोटं. पण सांगितलेलं टाळलं तर आई कात्री खाली ठेवून बघत बसते, ते त्याहून वाईट. ती वाचू लागली.

"'मी नऊ वर्षांची होते. बाहुलीला झगा हवा म्हणून मी गिऱ्हाइकाच्या कोटाचं कापड कापलं. आईने ते पाहिलं आणि मला मारलं. तिच्या बोटात अंगुस्तान होतं. माझी भुवई फाटली. आई सगळ्यांना सांगायची, पोरगी मशीनवर आपटली.'"

आईने टाका पुरा केला. मग आणखी एक घातला.

"अपुरं आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"रक्त मला दिसलं होतं. तरी मी आधी कापड उचललं. जोड कुठे लपेल ते बघितलं. आतल्या पट्टीत लपत होता, तेव्हा जीव भांड्यात पडला. मग तुझ्याकडे आले." तिने दोरा ओढून घट्ट केला. "तेही लिही. आणि खोडू नकोस."

"मला वाटलं, तू विसरलीस."

"तुझा चेहरा रोज माझ्यासमोर असायचा. विसरेन कशी?"

मुलीच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतकी वर्षं तिला कधी कधी स्वतःचीच शंका यायची, की आपण खरंच मशीनवर आपटलो असू. तिने खोडलेल्या ओळी पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहिल्या. खाली आईचं बोलणं जसंच्या तसं घातलं. रात्र रात्र जागणं काढून टाकलं. बाबांची भांडी घातली. हात भराभर चालत होता.

दारात चपला वाजल्या. कोट न्यायला मास्तरीणबाई आल्या होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, वीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. आल्या तशा मुलीकडे वळल्या.

"अगं, किती दिवसांनी! आणि ती भुवईवरची खूण अजून आहे की. त्या मशीनने बाई, जन्माची निशाणी दिली."

मुलीने सवयीने मान डोलावली.

"मशीनने नाही," आई म्हणाली. "मी दिली. मी मारलं होतं तिला."

आईने दाताने दोरा तोडला, अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं आणि कोट झटकून त्यांच्यासमोर धरला.

"घाला. काजं बघून घ्या."