जट उतरल्यावर

अयोध्याच्या पत्राला अंबादासनं उत्तर दिलं नव्हतं. तेव्हा तो कळंबच्या वाचनालयात नुकताच लागला होता आणि ती येरमाळ्याहून पुस्तकं न्यायला यायची. डोक्यावर मनगटाएवढी जट, त्यावर घट्ट पदर. देवीनं धरलेली म्हणून तिचं लग्न कुणी काढत नव्हतं. जटेला कात्री लावली तर घरावर अरिष्ट येतं, असं तिचे वडील म्हणत. पत्रात तिनं एवढंच विचारलं होतं, की मी जट काढली तर तुम्ही माझ्या पाठीशी उभे राहाल का.

अंबादासनं जटेविषयी हाताला लागेल ते वाचून काढलं. केस विंचरले-धुतले नाहीत की एकमेकांत गुंततात, त्यात देवीबिवी काही नसते, हे त्याला पक्कं पटलं. पण लोक काय म्हणतील, ह्याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही. तो गप्प बसला. तिनंही पुस्तकं न्यायचं सोडलं. पुढं दोघंही तसेच राहिले, तो बहिणीच्या घरी, ती भावाच्या.

निवृत्त झाल्यावर तो अधूनमधून एसटीनं येरमाळ्याला जायचा. देवळाच्या वाटेवर अयोध्याचं हळदीकुंकवाचं दुकान होतं. तो कुंकवाची पुडी घ्यायचा, पाऊसपाण्याचं विचारायचा आणि परत यायचा. घरात कुंकवाच्या पुड्यांचा ढीग साचला होता.

त्या मंगळवारी तो तीनेक महिन्यांनी गेला, तर तिच्या डोक्यावर पदर नव्हता. जटही नव्हती. करडे केस कानाच्या पाळीपर्यंत आखूड, नीट विंचरलेले.

शेजारची फुलवाली गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत होती, की देवीआईनं आपली जट परत घेतली, आंघोळ करताना आपसूक गळून हातात आली. बाया अयोध्याच्या पाया पडत होत्या. अयोध्या मान खाली घालून पुड्या बांधत होती.

अंबादासनं केसांची टोकं पाहिली. एका रेषेत होती. गळालेले केस असे नसतात.

"मान हलकी झाली बघा," ती हळूच म्हणाली. "इतकी वर्सं कुशीवर झोपता येत न्हवतं."

त्याला लई बोलायचं होतं. तेवढ्यात तिनंच विषय बदलला. भावाच्या पोराचा, शिवशंकरचा ताप उतरत नाही, सोलापूरच्या डॉक्टरांनाही काही सापडत नाही, वहिनी रात्रंदिवस रडते, असं सांगत राहिली. अंबादासनं पुडी घेतली. नंबर मागायचा धीर झाला नाही. पैसे द्यायला स्कॅनरचा कागद चिकटवलेला होता, त्याखाली नंबर होता. तो त्यानं पाठ करून घेतला.

घरी येऊन तो मोबाइल घेऊन बसला. नंबरावर फोटो येरमाळ्याच्या देवीचा, येडेश्वरीचा होता. 'छान दिसता' असं लिहिलं आणि खोडलं. 'वय कमी वाटतं' हेही खोडलं. शेवटी भाचीला, मैथिलीला विचारलं, की एका बाईनं केस कापले तर कौतुक कसं लिहावं. ती कॉलेजात शिकवायची.

मैथिली हसली. म्हणाली, "मामा, कुंकू खपवायला एक पुडी मलाही देत जा." मग त्याचा चेहरा बघून गंभीर झाली. केस कुणाचे आहेत, काय झालं, हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं खोदून विचारलं नाही.

"छान दिसता म्हणलं की आपण परीक्षक होतो," ती म्हणाली. "आधी वाईट दिसत होत्या का, असं बाईच्या मनात येतं. तुम्ही काय पाहिलंत ते लिहा. त्यांनी काय कष्ट घेतले, ते तुमच्या ध्यानात आलं एवढं कळू द्या. नेमकं लिहा, मोघम नको. काही मागू नका. बदाम-बिदाम पाठवू नका."

अंबादासला ते पटलं. जट गेल्याचं कौतुक तर फुलवालीही करत होती. तिनं काय केलं, हे मात्र त्या गर्दीत एकालाही दिसलं नव्हतं. त्याला दिसलं होतं. इतक्या वर्षांनी तिला देण्यासारखं तेवढंच त्याच्यापाशी होतं.

संध्याकाळपर्यंत तो लिहीत आणि खोडत राहिला. अखेर एवढं उरलं:

'अयोध्याताई, तुमचे केस पाहिले. जट आपसूक गळत नाही, हे मला माहीत आहे. एकेक पीळ मोकळा करत कात्री चालवावी लागते, तेवढा वेळ मान वाकवून बसावं लागतं. घरच्यांची समजूत आणि लोकांचं भय बाजूला सारून तुम्ही स्वतः जाऊन ती कापून घेतलीत. त्याला जे धैर्य लागलं असेल, त्याची मला मनापासून कदर आहे. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. अंबादास.'

दिसण्याविषयी एक शब्द नव्हता. त्यानं पुन्हा वाचलं. जुन्या पत्राचं उत्तर याहून वेगळं काय असणार होतं? त्यानं डोळे मिटले आणि बोट टेकवलं.

दोन खुणा उमटल्या. थोड्या वेळानं निळ्या झाल्या. मग समोरून कुणीतरी लिहू लागलं. थांबलं. पुन्हा लिहू लागलं. अंबादासनं मोबाइल दोन्ही हातांनी धरला. तरुणपणी तिचं पत्र धरलं होतं तसाच.

उत्तर आलं.

'मी बिराप्पा, अयोध्याचा भाऊ. दुकानावर नंबर माझा हाय. आईनं जट घेतली म्हणून ती आमाला सांगत व्हती. दोन महिने झाले, शिवाच्या दुखण्याचं मूळ घावत न्हवतं. आज तुमच्यामुळं घावलं.'