वरचं दालन

"ही काळी घोडी मी गेल्या वर्षी खाली अंगणात पाहिली. त्याच्या आदल्या वर्षीही," माथुर म्हणाले. "तोच रंग, तीच जागा. चित्रकार असा जन्मभर एकच घोडी काढत बसत नाही, घीसूलालजी."

घीसूलालजी उठले आणि भिंतीवर पसरलेल्या फडापाशी, त्या लांबलचक कापडी कथाचित्रापाशी, गेले.

जयपूरच्या त्या वार्षिक प्रदर्शनात चित्रांसाठी वरचं दालन होतं आणि हस्तकलेसाठी खालचं अंगण. वर प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचं नाव लागे. खाली नुसती पाटी : 'फड, शाहपुरा'. घीसूलालजींचं निम्मं आयुष्य त्या अंगणात, लाखेच्या बांगड्यांच्या शेजारी बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला रंग भरून दाखवण्यात गेलं होतं. यंदा ते प्रथमच निवड समितीत होते, आणि वरच्या दालनासाठी प्रथमच एक फड आला होता. तो कुणाचा, हे समितीला सांगत नसत. निवड झाली की चित्रकाराला आत बोलवायचं, असा नियम होता.

"घोडीची जागा बदलली तर भोपा गाणार कसा?" घीसूलालजी म्हणाले. "तो चित्रावर काठी टेकवत टेकवत पाबूजी देवाची कथा गातो. घोडी इथेच हवी. जागा ठरलेली आहे, साहेब. रेघ ठरलेली नाही."

"म्हणजे?"

"आधी फिक्या पिवळ्यात कच्ची आकृती. मग एकेक रंग, कापडभर. अंगाला केशरी, दागिन्यांना पिवळा, झाडांना हिरवा, कपड्यांना लाल. सगळ्यात शेवटी काळी रेघ. ती पुसता येत नाही. या घोडीच्या कानापासून पोटापर्यंत बघा. कुंचला कुठे उचललाय?"

माथुर कला महाविद्यालयात शिकवत. त्यांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं.

"सुंदर आहे. पण तुमच्याकडे कारखानाच असतो ना? रेघ एकाची, रंग दुसऱ्याचा."

"हा एकाच हाताचा आहे. रंग किती लांब न्यायचा हे रेघ ओढणाऱ्यालाच माहीत असतं. इथे रंग आधीच थांबलाय. रेघेला जागा ठेवून."

तो हात कुणाचा, हे घीसूलालजींनी फड उलगडताच ओळखलं होतं. घोडीच्या मानेचा तो बाक त्यांच्या घराबाहेर कुणाला साधत नव्हता. घरात कुंचला धरणारे तिघं. ते स्वतः, मुलगा मदन आणि सून. सुनेची रेघ अजून थरथरे. मदन दिवाळीपासून भिलवाड्याच्या कापड गिरणीत नोकरी शोधत होता. 'अंगणात बसायला मला लाज वाटते, बापूजी,' म्हणाला होता. वर मदनचं नाव लागलं तर तो राहील. नाही तर घरातला कुंचला त्यांच्याबरोबरच संपेल.

तिसऱ्या सभासद भंडारीबाई, शिल्पकार. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"मला एक सांगा," त्यांनी विचारलं. "कारागिरी आणि कला, तुमच्या मते फरक काय?"

"कारागिरी शिकवता येते, बाई. मी शिकवलीय. खळ कशी द्यायची, कापड दगडानं कसं घोटायचं, सगळं." घीसूलालजींचा आवाज किंचित चढला. "हा बाक शिकवता येत नाही. तो असतो, नाही तर नसतो."

भंडारीबाईंनी हात वर केला. माथुरांनी पुन्हा वाकून घोडीची मान पाहिली. मग हसले.

"चला, म्हातारपणी मत बदललं. वर लावू या. बोलवा रे त्यांना."

शिपाई बाहेर गेला. घीसूलालजींनी साफा नीट केला आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले.

आत एक बाई आली. पदर कपाळापर्यंत, नखांच्या कडांना हिंगुळाचा लाल रंग. घीसूलालजींना पाहून ती दारातच थबकली.

"बापूजी, तुम्ही?"

"मुलगी तुमची?" माथुर ओरडलेच. "वा! आणि मघापासून तोंडातून अवाक्षर नाही! घरातच शिकवून तयार केलीत की."

"मुलींना शिकवत नाहीत आमच्यात," त्यांची मुलगी धापू म्हणाली. "मुलगी सासरी जाते, तिच्याबरोबर घरची विद्या परक्याच्या घरात जाते. मदनला शिकवायचे तेव्हा मी शेजारी रंग खलायची. तेवढंच. चित्तोडला सासरी गेल्यावर आपलं आपण करून पाहिलं."

"कुणाला दाखवलंस?" भंडारीबाईंनी विचारलं.

"नाही. बापूजींना दाखवायचं होतं. पण आधी इथे लागू दे म्हटलं."

भंडारीबाई तिच्या हातांकडे पाहत होत्या. माथुरांनी खिशातून पेन काढलं.

"घीसूलालजी, जिंकलात. बोला, पाटीवर नाव कसं लिहू? माहेरचं की सासरचं?"

घीसूलालजी फडापाशी गेले. त्यांनी तो वरच्या कोपऱ्यापासून सोडवला आणि गुंडाळत आणला.

"नाव कशाला?" ते म्हणाले. "आता नीट पाहिलं, साहेब. खाली अंगणात लावा. कारागिरी आहे."