‘बसा’ म्हणाली

पेठेतल्या डेअरीवर दूध मापणारा केरबा वर्षभर इंदू मास्तरणीच्या एका नजरेवर जगत होता. ती हसली की दिवस सोन्याचा. मान खाली घालून गेली की घास उतरायचा नाही, आपलं काय चुकलं हेच डोक्यात फिरायचं. ती आजारी पडली म्हणून तो दवाखान्यात जाऊन आला, तो नाचतच.

“आक्का, मला ‘बसा’ म्हणाली! दोनदा बघितलं की माझ्याकडं!”

थोरली बहीण नवऱ्याच्या लुळ्या पायाला तेल चोळत होती. “व्हय, पण तिला झालंय काय?”

“ते… इचारायचंच राह्यलं.”

आक्का पुन्हा तेल चोळू लागली. वर्षभर जिच्यावाचून दुसरं काही सुचलं नव्हतं, तिची काळजी केरबाला तेव्हा पहिल्यांदा वाटली.