तीट

"दृष्ट काढायची तर दोघी मुलींची काढ," असं वन्संनी बजावलं, तेव्हा वैदेहीने ते हसण्यावारी नेलं होतं. "रूप नशिबाचं गं," वन्सं म्हणाल्या होत्या. " धाकटीने कमावलं नाही, थोरलीने गमावलं नाही. आपण वाढायचं ते सारखं वाढावं." पण लोक कौतुकाने बघायचे धाकटीकडेच, मग तीटही तिलाच लागायची आणि मीठमोहऱ्याही तिच्यावरूनच ओवाळल्या जायच्या.

आज शेजारच्या बारशात धाकटी या मांडीवरून त्या मांडीवर फिरली. थोरली मात्र कुठे दिसेना. वैदेही घाबरून आतल्या खोलीत गेली, तर पाच वर्षांची ती आरशासमोर काजळाची डबी घेऊन बसलेली. गालावर एवढा मोठा ठिपका.

"हे काय गं?"

"आता मीपण बघण्यासारखी झाले ना?"

घरी येताच वैदेहीने थोरलीला पाटावर बसवलं आणि मीठमोहऱ्यांची मूठ ओवाळली.

"मला कुणाची लागली?"

"माझी. मघापासून तुझ्याकडेच बघतेय."

थोरली ऐटीत ताठ बसली. धाकटी शेजारी आपल्या पाळीची वाट बघत होती.

तुमच्याही घरात कुणाची तरी दृष्ट काढायची राहिली असेल. ती कुठे बसलीये, जरा बघून या.