तसला

पोपटरावांनी टेबलावर मूठ आपटली आणि समोर बसलेल्या ईश्वरवर ओरडले, "छक्का आहेस तू!"

हॉलमध्ये हशा पिकला. मागच्या बाकावर कुणीतरी अंपायरसारखे दोन्ही हात वर केले. ईश्वरही हसला, पण सगळ्यांच्या नंतर.

"बघा मॅडम," पोपटराव खूश होऊन म्हणाले. "टाळी घेणारा शब्द हाय. स्पर्धेत टाळीच लागती."

महेजबीन हसली नव्हती. दौंडच्या कॉलेजात ती इंग्रजी शिकवायची. एक इंग्रजी नाटक तिनं मराठीत आणलं होतं आणि शिरूरची हौशी मंडळी ते शाळेच्या हॉलमध्ये बसवत होती. स्पर्धा तोंडावर आली होती, तरी एका शब्दाची जागा संहितेत अजून कोरी होती. पोपटराव दिग्दर्शक, आणि नाटकातले बापही तेच; मुलगा ईश्वर. मुलाचं पुरुषावर प्रेम आहे हे जेवणाच्या टेबलावर बापाला कळतं, तेव्हा तो मुलाला तो शब्द मारतो.

"मूळ नाटकात इथं कुणी हसत नाही, पोपटराव," ती म्हणाली. "मुलगा उठून घर सोडतो. आपण मात्र टाळ्या वाजवणार. आणि ही शिवी हिजड्यांवरून आलेली. ती माणसं वेगळी, त्यांचं जगणं वेगळं. एकाला लागलेली शिवी दुसऱ्याच्या अंगावर कशाला टाकायची?"

"मग कारखान्यातली घ्या की," ईश्वर म्हणाला. तो कारेगावात राहायचा, रांजणगावला कामाला होता. "ग वरनं सुरू होणारी."

"ती कुणाला देतात?"

ईश्वर विचारात पडला. "सगळ्यांनाच. मशीन बंद पडलं तर मशीनलापण."

"मग ती झिजली. मुळात ती अशाच माणसासाठी होती, पण आता ऐकणाऱ्याला तो अर्थ आठवत नाही."

"वर्तमानपत्रात समलिंगी लिहित्यात," पोपटराव म्हणाले.

"लिहितात. चांगला शब्द आहे, पण अलीकडं घडवलेला. चिडलेला बाप असं बोलेल का? डॉक्टरनं चिठ्ठी लिहिल्यासारखं वाटेल."

"बायल्या?"

यावर आईचं काम करणाऱ्या नकुशीबाई बोलल्या. न्हावऱ्याच्या एसटीतून उतरून त्या थेट तालमीला यायच्या. "म्हंजी बाई असणं ही शिवी व्हय?"

"दुसऱ्या अंकात तीच आहे, बाई. तिथं गल्लीतली पोरं त्याला फेअरी म्हणतात, म्हणजे परी. बाईपणावरूनच मारतात. तिथं मी बायल्याच ठेवलाय. पोरांची शिवी सौम्य करायचा मला हक्क नाही. पण बापाचा शब्द दुसरा आहे. क्वीअर."

"त्येचा अर्थ काय?"

"आधी नुसता विचित्र, वेगळाच, असा. मग याच माणसांना हिणवायला वापरू लागले. लोकांनी तो ऐकत मार खाल्ला, नोकऱ्या गमावल्या. पुढं ऐंशी-नव्वदच्या सुमाराला त्यांच्यातल्याच काहींनी तो उचलला. म्हणाले, होय, आहोत आम्ही, आता हा शब्द आमचा. काही जुन्या माणसांना मात्र तो अजूनही सोसत नाही." ती जरा थांबली. "तिसऱ्या अंकात मुलगा परत येतो आणि बापाचाच शब्द स्वतःला लावतो. इथं एक आणि तिथं दुसरा घातला, तर त्यानं काय उचललं ते प्रेक्षकाला कळणारच नाही. मला फेकताही येईल आणि झेलताही येईल असा एकच शब्द हवाय."

"माझ्या नावासारखा," नकुशीबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडं बघू लागले.

"चौथी पोरगी झाली, नको होती, म्हणून नकुशी. लहानपणी कुणी हाक मारली की रडायची मी. आता बचत गटाच्या पाटीवर मीच मोठ्या अक्षरात लिवून घेतलंय." त्या पदर सावरत हसल्या. "आन् आमच्या गावात असल्या माणसाला कुणी शिवी न्हाई देत. आवाज बारीक करत्यात आन् म्हनत्यात, त्यो तसला हाय."

महेजबीन ताठ बसली. ओठातल्या ओठात तिनं तो शब्द दोनतीनदा म्हणून पाहिला.

"तसला," ती मोठ्यानं म्हणाली. "विचित्रही, वेगळाही. नाव घ्यायची लाज वाटते म्हणून बोट दाखवल्यासारखा. रस्त्यावरची धार जाते यातली, ते नुकसान आहे. पण घरातली धार येते. पोपटराव, घ्या बघू. ओरडू नका."

पोपटराव उभे राहिले. या वेळी मूठ आपटली नाही. ईश्वरकडं न बघताच ते खालच्या आवाजात म्हणाले, "तू... तसला आहेस?"

हॉलमध्ये कुणी हललं नाही. ईश्वर खुर्ची सरकवून उठला आणि दारापर्यंत गेला.

"आता तिसरा अंक," महेजबीन हळूच म्हणाली.

ईश्वर दारातून परत आला. टेबलाशी बसला. त्यानं संहितेत पाहिलं नाही.

"व्हय, बाबा," तो म्हणाला. "मी तसला."

संहितेत 'होय' होतं. महेजबीननं पेन उचललं, होय खोडलं आणि व्हय लिहिलं. ईश्वरचे कान लाल झाले होते, पण मान वर होती. पोपटराव पुढचं वाक्य विसरून त्याच्याकडं बघत राहिले.

तेवढ्यात नकुशीबाईंनी टेबलावरची रिकामी ताटली ईश्वरपुढं सरकवली.

"तसला तर तसला," त्या पोपटरावांना म्हणाल्या. "आधी जेवू द्या त्याला."

आता पुन्हा हशा झाला, आणि त्यात ईश्वर सगळ्यांच्या आधी हसला.

"बाई," महेजबीन डोळे पुसत म्हणाली, "मूळ नाटकात इथं आईला वाक्य नाही."

"मग नाटक लिवणाऱ्याला कळवा की."