बोटाची परीक्षा

घानातल्या कुमासीच्या हॉस्टेलात सेलोर्म सुट्टीला जाताना खिडकीतला आपला एकुलता एक निवडुंग साफ विसरला. परतला तेव्हा हरमटानच्या कोरड्या वाऱ्याने निवडुंग सुकून अंग चोरून बसला होता, पण जिवंत होता. खोलीतल्या बोआडी आणि फिफी या दोघांना त्याची अशी काही दया आली, की ते दोघेही एकमेकांच्या नकळत रोज पाणी घालू लागले. लवकरच त्याचा बुंधा पिवळा, मऊ पडला.

सेलोर्मने निवडुंग उपटला, सडलेली मुळं कापली, जखमा सावलीत सुकवल्या आणि तो कोरड्या वाळूत लावला.

"अरे शहाण्यांनो, हा तहानेने नाही, तुमच्या मायेने मरत होता. आधी मातीत बोट खुपसून बघा. ओल लागली, तर मुकाट्याने पाठ फिरवायची."

निवडुंग जगला, आणि हळूहळू दोघांनाही सेलोर्मचं हे शहाणपण माणसांच्या बाबतीतही पटलं. फिफीला लेक्चरसाठी हाका मारणारा बोआडी आता कूस बदलून झोपे. उशिरा येणाऱ्यासाठी कसाव्याचा रवा, गारी, भिजवून ठेवणारा फिफी आपलं ताट धुऊन मोकळा होई.

मग सेलोर्मला मलेरियाने गाठलं. घामाने निथळत तो कसाबसा पुटपुटला, "पाणी..."

बोआडी लगेच उठला आणि सेलोर्मच्या कपाळावर बोट टेकवून फिफीकडे बघत गंभीरपणे म्हणाला,

"अजून ओल आहे. पूर्ण सुकल्यावर देऊ."